शेजाऱ्याच्या बोरवर चार दिवस: ‘अडीच इंच पाणी’ म्हणजे नेमकं किती?

मामांचा फोन आला तेव्हा एप्रिलचा दुसरा आठवडा चालू होता. बोरची गाडी सांगून झाली होती. पाणाड्यानं तळहातावर नारळ ठेवून वावरभर फिरून जागा दाखवली होती आणि धुऱ्याजवळ चुन्याची फुली पडली होती. मी काही विचारायच्या आत मामा म्हणाले, “शेजारच्या वावरात अडीच इंच पानी लागलं. माह्या फुलीपासून मोजून ऐंशी पावलं. आता पाहाचं काय राह्यलं?”

मी काही वर्षं गावोगावच्या पाणीपुरवठ्याच्या बोरवर पंपिंग टेस्ट घ्यायच्या कामावर होतो. त्यामुळे ‘अडीच इंच’ ऐकलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो असा: कोणत्या महिन्यात? शेजाऱ्याचा बोर ऑक्टोबरमध्ये झाला होता. मी मामांना म्हटलं, गाडी आठ दिवस पुढे ढकला आणि शेजाऱ्याला विचारून त्यांचा बोर मला दोन दिवस द्या. त्या दोन दिवसांचे चार झाले.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, बेसॉल्टचं. वर दोन-तीन हात काळी माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण, मध्येच मांजऱ्या हा भोकाभोकांचा दगड, कुठे गेरूसारखा लाल थर आणि त्याखाली पुन्हा पाषाण. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले. या दगडाच्या अंगात पाणी जवळपास नसतंच. ते असतं मुरुमात, मांजऱ्यात, दोन थरांच्या सांध्यात आणि पाषाणाच्या फटींत. म्हणून ‘खाली गेलं की पाणी वाढतं’ हा हिशेब इथे चालत नाही. फट लागली तर पाणी, नाहीतर दोनशे फूट कोरडी धूळ. शिवाय ६० मीटरच्या, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या खाली गेलं की २००९ च्या भूजल कायद्याच्या भाषेत ती ‘खोल विहीर’ होते आणि तिच्यावर बंधनं आहेत. तेव्हा खोलीच्या जोरावर नशीब काढायला फारशी जागा उरत नाही.

मामांची गरज आधी कागदावर मांडली. दोन एकर संत्रा, सहा मीटरवर झाड, म्हणजे एकरी एकशे दहा आणि एकूण दोनशे वीस झाडं. फळावर आलेल्या मोठ्या झाडाला मे महिन्यात ठिबकनं दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास पाणी धरावं लागतं. म्हणजे रोज तेहेतीस हजार लिटर. विजेची लाइन आठ तास. तासाला चार हजारांच्या वर पाणी हवं, तेही सलग आठ तास, मे महिन्यात आणि रोज. मामांचा यावरचा मुद्दा खोटा नव्हता: “रोपट्याले किती पानी लागते? दहा लिटर. आठ वर्सांनं पाहू.” पण आठव्या वर्षी बाग वाळली तर ती परत लावता येत नाही, आणि बोरचं पाणी आठ वर्षांत वाढल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आता तो इंच. बोर फोडताना गाडीचा कॉम्प्रेसर हवा मारून पाणी वर फेकतो. ते पाणी चर काढून एका पत्र्याकडे वळवतात. त्या पत्र्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखी काटकोनाची खाच असते. खाचेतून किती उंचीनं पाणी वाहतं ते पट्टीनं मोजायचं, तो इंच. मात्र इंच दुप्पट झाला की पाणी दुप्पट होत नाही, साडेपाच पटीच्या वर जातं. एक इंच म्हणजे तासाला जेमतेम पाचशे लिटर, दोन इंच म्हणजे एकोणतीसशे, अडीच इंच म्हणजे पाच हजार आणि तीन इंच म्हणजे जवळपास आठ हजार. अर्ध्या इंचाची चूक किंवा थाप केवढ्याला पडते ते यावरून लक्षात यावं. काही गाडीवाले तर खाच लावतच नाहीत. उडणाऱ्या पाण्याकडे पाहून ‘दोन इंची पाइप भरून चालेल’ म्हणतात, आणि गावात तोही इंचच ठरतो. शेजाऱ्याच्या बोरला खाच लावली होती, हे त्यांच्या पोरानं मोबाइलवर काढलेल्या फोटोत दिसत होतं. म्हणजे अडीच इंच खरे होते. पाच हजार लिटर. मामांना हवे होते चार हजार. कागदावर सगळं जुळत होतं.

शेजारी आधी तयार नव्हते. मामांनी बोर मारला तर आपलं पाणी जाईल ही भीती त्यांच्या मनात होती, आणि ती रास्त होती. पण मार्च संपता संपता त्यांची मोटार दुपारनंतर हवा घेऊ लागली होती आणि मिस्त्री म्हणत होता की मोटार बदला. खरं काय ते त्यांनाही पाहायचं होतं. त्यांच्याकडून बोरची कुंडली मिळाली: खोली एकशे नव्वद फूट, केसिंग तीस फूट, पहिला झिरा बासष्ट फुटांवर लहानसा, दुसरा एकशे अठरावर लाल थराखाली, तोच मोठा. त्याखाली काहीच नाही. तीन एचपीची मोटार एकशे सत्तर फुटांवर टांगलेली. ऑक्टोबरात पाणी अठरा फुटांवर उभं होतं.

सामान फार लागत नाही. दोनशे लिटरचा ड्रम, मोबाइलमधलं घड्याळ, वही आणि पाणी किती खाली आहे ते मोजायची तार. ही तार मी घरीच करतो. दोन पदरी वायर, टोकाला दोन्ही पदर अर्धा इंच सोललेले आणि एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये काडी बांधलेली. वरच्या टोकाला मल्टीमीटर. टोक पाण्याला टेकलं की काटा हलतो. दर पाच फुटांवर रंगीत चिकटपट्टी. वायर खाली नीट उतरावी म्हणून टोकाजवळ नटबोल्टचं वजन. एक गोष्ट मात्र अनुभवानंच कळते. पाणी खाली गेलं की वरचा झिरा बोरच्या भिंतीवरून गळत राहतो. ते थेंब वायरवर पडतात आणि काटा पाणी लागायच्या आधीच हलतो. म्हणून मोटारीच्या पाइपाला लागून पाऊण इंची प्लॅस्टिकची नळी खाली सोडायची आणि वायर तिच्यातून उतरवायची. नळी नसली की वायर मोटारीच्या केबलमध्ये गुंततेही, आणि मग सगळी मोटार वर ओढायची वेळ येते.

टेस्टच्या आधी चोवीस तास मोटार बंद ठेवली. शेजाऱ्यांची अट होती की पाणी वाया जाऊ द्यायचं नाही. आम्ही ते लांब पाइपानं त्यांच्या मक्याच्या तुकड्यात सोडलं. तो तुकडा बोरपासून चांगला दूर होता हे पाहून घेतलं, कारण उपसलेलं पाणी बोरच्या तोंडाशीच सोडलं तर ते मुरुमातून परत खाली जातं आणि बोर आहे त्यापेक्षा चांगला दिसतो.

पहिल्या दिवशी सकाळी आठला मोटार टाकली आणि चाळीस मिनिटांत लाइन गेली. मामा म्हणाले, आली की पुढं चालू करू. तसं करता येत नाही. मोटार थांबताच पाणी वर चढायला लागतं, आणि पुढचे आकडे आधीच्या आकड्यांना जोडता येत नाहीत. वहीचं पान फाडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरुवात केली.

सुरुवातीला पाणी चोपन्न फुटांवर उभं होतं. पहिली पाच मिनिटं दर मिनिटाला, मग हळूहळू अंतर वाढवत मोजत गेलो. वहीत असं उतरलं:

१ मिनिट – ६१ फूट
५ मिनिटं – ७२
१० मिनिटं – ७८
३० मिनिटं – ८५
६० मिनिटं – ९०
१२० मिनिटं – ९६
१८० मिनिटं – १०३
२४० मिनिटं – १११
२८५ मिनिटं – ११८
२९७ मिनिटं – मोटारीनं हवा घेतली

ड्रमही दर अर्ध्या तासाला भरून पाहत होतो. सुरुवातीला तो दोन मिनिटं दहा सेकंदांत भरला, म्हणजे तासाला साडेपाच हजार. चार तासांनी दोन मिनिटं चाळीस सेकंद लागले, म्हणजे साडेचार हजार. पाणी खाली गेलं की मोटारीला जास्त उंच उचलावं लागतं आणि ती कमी फेकते. म्हणून फक्त सुरुवातीचा ड्रम मोजून भागत नाही.

हे आकडे बोलतात, फक्त कुठे पाहायचं ते माहीत हवं. पहिल्याच मिनिटात पाणी एकसष्टवर गेलं. म्हणजे बासष्ट फुटांचा वरचा झिरा दुसऱ्या मिनिटालाच उघडा पडला. ऑक्टोबरात त्याच झिऱ्यावर चव्वेचाळीस फूट पाण्याचा दाब होता आणि मुरूम तुडुंब होता. अडीच इंचांत त्याचा वाटा होता. एप्रिलमध्ये तो नुसता गळत होता. दुसरी गोष्ट पहिल्या दोन तासांतली. बोर चांगल्या फटींना जोडलेला असेल तर पाणी आधी झपाट्यानं आणि मग सावकाश उतरतं, कारण उपसा जसजसा लांबून पाणी ओढतो तसतसा उताराचा वेग कमी होतो. इथे पहिला तासभर ते तसंच वागलं. तासाच्या शेवटी तर अर्ध्या तासाला पाचच फूट. पण दोन तासांनंतर वेग कमी व्हायचा तो थांबला आणि तासाला सात ते नऊ फूट असा जवळपास ठरावीक दरानं उतार सुरू झाला. पाणी असं सरळ रेषेत उतरायला लागलं की समजावं, उपसा फटीच्या कडेपर्यंत पोचला. पुढे पाषाण आहे. आता बोर पाणी ओढत नाही, साठा रिकामा करतोय.

शेवटचा तुकडा मामांनी स्वतः पाहिला. पाणी एकशे अठरावर, मोठ्या झिऱ्याच्या तोंडाशी आलं तेव्हा मी त्यांच्या हातात वायर दिली. मोटार अजून बावन्न फूट खाली होती, म्हणून ते निवांत होते. साडेसहा इंची बोरमध्ये एका फुटात साडेसहा लिटर पाणी मावतं. बावन्न फुटांत साडेतीनशे लिटरही नाही. झिरा उघडा पडला की तो देतो तेवढंच देतो, पाणी आणखी खाली ओढलं म्हणून जास्त देत नाही. मामा वायर सोडत गेले, काटा हलेना, पुन्हा सोडली, पुन्हा नाही. बाराव्या मिनिटाला पाइपातून फुर्रफुर्र आवाज आला, पाण्याबरोबर पांढरा फेस आला आणि शेजाऱ्यांनी धावत जाऊन स्टार्टर पाडला. मोटारीत काही दोष नव्हता. नवीन मोटार घेतली असती तर तिनंही दुपारी एकलाच हवा घेतली असती.

मोटार बंद केली म्हणजे टेस्ट संपली असं बरेच जण समजतात, आणि तिथेच अर्धी माहिती सोडून देतात. मला तर भरतीचे आकडे उपशाच्या आकड्यांपेक्षा जास्त कामाचे वाटतात. त्यात मोटारीचा, लाइनचा, ड्रमचा काही घोळ नसतो, फक्त बोर स्वतः काय करतो तेवढंच दिसतं. पाच तासांत साधारण चोवीस हजार लिटर काढलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, एकोणीस तासांनी, पाणी अठ्ठावन्नवर होतं. चोपन्नवर नव्हे. चार फूट परत आले नव्हते.

त्या सकाळी वरचा व्हॉल्व्ह आवळून ड्रम चार मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांत भरेल असा बेतला. तासाला अडीच हजार. पूर्ण आठ तास चालवलं. संध्याकाळी चारला पाणी एकशे एकवर होतं, मोठ्या झिऱ्याच्या सतरा फूट वर. चौथ्या दिवशी सकाळी एकोणसाठ. वीस हजार लिटर काढल्यावर रात्रीतून फक्त एक फूट कमी भरलं होतं. म्हणजे या बोरचा एप्रिलचा रोजचा खरा हिशेब वीस हजारांच्या आसपास. मे महिन्यासाठी मी त्यातून पाव भाग कमी धरतो. हा माझा अंदाज आहे, नियम नाही. पंधरा हजार लिटर म्हणजे शंभर झाडं. शेजाऱ्यांनी त्या दिवसापासून व्हॉल्व्ह अर्धाच उघडा ठेवला आणि मोटार हवा घ्यायची थांबली.

मामा लगेच म्हणाले, “मंग माह्या बोरलेही पंधरा हजार भेटतीन. एक एकर लावतो.” याचं उत्तर मी तेव्हाच दिलं नाही, कारण ते वहीच्या मागच्या पानावर होतं. मामांच्या वावरात, फुलीपासून पंधरा पावलांवर, एक जुना बोर आहे. एकशे चाळीस फूट, पाणी फारच कमी लागलं म्हणून दगड ठेवून बंद केलेला. टेस्टच्या दिवशी त्याच्यावर मी मामांच्या पोराला दुसरी तार देऊन बसवलं होतं. सुरुवातीला तिथे पाणी बावन्न फुटांवर होतं. चाळिसाव्या मिनिटाला ते हलायला लागलं. मोटार बंद झाली तेव्हा अकरा फूट उतरलं होतं. त्या बोरमधून कोणी एक बादली काढलेली नव्हती. मामांची जुनी विहीर मात्र दिवसभर बोटभरही हलली नाही. ती वरच्या मुरुमातली, तिचा त्या फटीशी संबंध नाही.

म्हणजे फुली ज्या फटीवर होती तीच फट शेजाऱ्यांची. एका माठाला दुसरी तोटी लावली म्हणून माठातलं पाणी वाढत नाही. मामांना पंधरा हजार मिळाले असते ते शेजाऱ्यांचे पंधरा हजार वजा करून, आणि दोघांच्या मोटारी एकाच लाइनवर, एकाच वेळी सुरू. त्यात धुऱ्यावरचं भांडण फुकट. केसिंग, मोटार, केबल धरून दीड लाखाच्या पुढे जाणारा खर्च मामा त्या फुलीवर करायला निघाले होते.

ज्याच्या शेजारी बोरच नाही त्यानं काय करावं? मशीननं तपासणी करून घेता येते. जमिनीत वीज सोडून थर ओळखतात. ती कुठे मुरूम संपतो, कुठे पाषाण लागतो हे बऱ्यापैकी सांगते. किती लिटर ते सांगत नाही, आणि बेसॉल्टमध्ये ओला लाल थर किंवा चिकणमातीसुद्धा तिला पाण्यासारखीच दिसते. मला जास्त भरवसा वाटतो तो फिरून विचारण्यावर. आम्ही शिवारातल्या सहा बोरवाल्यांना एकच प्रश्न विचारला: झिरा कितव्या फुटावर लागला? किती खोल नेला हे विचारलं की लोक अभिमानानं मोठा आकडा सांगतात, पण झिऱ्याची खोली सहसा खरी सांगतात. सहाही जणांचे झिरे साठ ते एकशे तीस फुटांत होते. दीडशेच्या खाली कोणालाच काही लागलं नव्हतं. दोघांनी तरीही दोनशेपर्यंत नेलं होतं.

त्यावरून मामांसाठी गाडीवाल्याशी तीन गोष्टी आधीच ठरवल्या. जागा खालच्या कोपऱ्यात, नाल्याच्या बाजूला, फुलीपासून दोनशे पावलं लांब, कारण तिथे नाल्याच्या पात्रात तडकलेला, ओला पाषाण उघडा दिसतो. झिरा लागला की गाडी थांबवून निदान अर्धा तास हवा मारत ठेवायची आणि खाचेवरचा इंच दर दहा मिनिटांनी लिहायचा. आणि दीडशे फुटांवर बंद, पाणी असो नसो. गाडीवाला तिसऱ्या अटीवर कुरकुरला. फुटावर पैसे घेणारा माणूस कुरकुरणारच. बोर मे महिन्याच्या मध्यात मारला. या दिवसांत जे लागतं त्यात मुरुमाची उसनवारी नसते.

झिरा ब्याण्णव फुटांवर लागला. पहिल्या पाच मिनिटांत खाचेवर सव्वादोन इंच. मामा नारळ शोधायला लागले. सव्वादोन इंच म्हणजे एकोणचाळीसशे लिटर. वीस मिनिटांनी पावणेदोन, चाळीस मिनिटांनी दीड, आणि तिथे ते थांबलं. दीड इंच म्हणजे चौदाशे लिटर. फटीत साठून राहिलेलं पाणी पहिल्या झटक्यात बाहेर येतं. पाच मिनिटांनी इंच मोजून गाडी पुढे काढली असती तर गावात आज ‘सव्वादोन इंचाचा बोर’ म्हणून सांगितलं गेलं असतं. खाली दीडशेपर्यंत आणखी काही लागलं नाही.

आठवड्यानं मोटार बसल्यावर तीच टेस्ट घेतली. चौदाशे लिटरनं आठ तास चालवून पाणी एकोणपन्नासवरून एक्क्याऐंशीवर आलं आणि शेवटचे दोन तास तिथेच उभं राहिलं. सकाळी पन्नास. शेजाऱ्यांच्या बोरवर बसवलेल्या पोरानं दिवसभरात एकही फरक लिहिला नाही. दिवसाला अकरा हजार लिटर, म्हणजे सत्तर झाडं.

मामांनी खड्डे एकशे दहा खणून ठेवले होते. रोपं सत्तरच आणली. उरलेल्या चाळीस खड्ड्यांत यंदा तूर आहे.